शिक्का आणि कात्री

जैवतंत्रज्ञानाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात 'रिस्ट्रिक्शन एन्झाइम म्हणजे रेणवीय कात्री' असं वाक्य सापडतं, आणि बहुतेक वेळा शेजारी खरोखरच्या कात्रीचं चित्रही असतं. मला हे नाव पहिल्यापासून खटकत आलं आहे. रिस्ट्रिक्शन म्हणजे निर्बंध. कात्रीला कोणी निर्बंध म्हणतं का? या नावात कापण्याचा उल्लेखच नाही. कारण नाव पडलं तेव्हा कोणी काही कापतंय हे कोणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की काही विषाणू काही जिवाणूंमध्ये नीट वाढत नाहीत. त्यांच्यावर कसला तरी निर्बंध आहे. कात्री सापडली ती त्यानंतर सोळा वर्षांनी. त्याआधी जे सापडलं ते कात्रीचं दुसरं अर्धं अंग होतं, आणि पाठ्यपुस्तकातल्या चित्रात नेमकं तेच नसतं. ते अंग म्हणजे शिक्का.

गोष्ट सुरू होते भोकं मोजण्यापासून. जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफाज, किंवा नुसतंच फाज म्हणतात. काचेच्या बशीत अगारवर जिवाणू पसरून ठेवले, की रात्रभरात त्यांचा दुधट थर तयार होतो. त्यात फाज मिसळलेले असतील तर प्रत्येक फाज जिथे पडला तिथल्या जिवाणूत शिरतो, आत आपल्या शंभरेक प्रती काढतो, जिवाणू फोडून बाहेर येतो आणि शेजाऱ्यांवर तुटून पडतो. सकाळी त्या थरात एक स्वच्छ गोल भोक दिसतं. त्याला प्लाक म्हणतात. एक प्लाक म्हणजे सुरुवातीचा एक यशस्वी फाज. १९५०च्या आसपास फाजवर काम करणाऱ्यांचं हेच मुख्य उपकरण होतं: बशी, प्लाक आणि मोजायला डोळे.

१९५२ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात साल्व्हाडोर लुरिया आणि त्यांच्या सहकारी मेरी ह्यूमन यांच्यासमोर एक कोडं होतं. ई. कोलाय या जिवाणूच्या एका उत्परिवर्तित वाणात टी-२ फाज शिरत, जिवाणूला मारत, पण पुढची पिढी काही दिसत नसे. मारेकरी घरात शिरतो, घर पडतं, आणि तोही बेपत्ता होतो, असा प्रकार. मग एके दिवशी, लुरियांनी स्वतःच पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यांची नेहमीच्या ई. कोलायची परीक्षानळी फुटली. हाताशी दुसरी नव्हती, म्हणून शेजारी काम करणाऱ्या ज्युझेप्पे बेर्तानी यांच्याकडून त्यांनी शिगेला या जिवाणूची नळी उसनी घेतली. हगवणीचा जिवाणू, पण ई. कोलायचा जवळचा नातलग. त्या शिगेलाच्या थरावर प्लाकच प्लाक उमटले. म्हणजे फाज बेपत्ता झालेच नव्हते. ते बाहेर पडत होते. फक्त नेहमीच्या ई. कोलायमध्ये त्यांना आता थारा नव्हता. आणि शिगेलामध्ये एक फेरी झाली की त्यांच्या संततीला जुन्या घरी पुन्हा प्रवेश मिळत होता.

हे विचित्र का आहे ते समजण्यासाठी पुढच्याच वर्षीचा, बेर्तानी आणि जाँ वाइगल यांचा प्रयोग जास्त सोयीचा आहे. तो मी थोडा सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ई. कोलायचे दोन वाण घेऊ: के आणि सी. फाज घेऊ लॅम्डा. के-मध्ये वाढवलेला लॅम्डा के-वर टाकला तर सगळे फाज प्लाक देतात. सी-वर टाकला तरी सगळे देतात. आता हेच फाज सी-मध्ये एकदा वाढवा. ते सी-वर व्यवस्थित चालतात, पण के-वर टाकले तर दहा हजारांतले जेमतेम दोनचार प्लाक देतात.

कुणीही पहिल्यांदा म्हणेल, हे उत्परिवर्तन असणार. दहा हजारांतले जे दोनचार जगले, त्यांच्या जनुकांत काहीतरी बदल झाला असेल. ही शंका तपासणं सोपं आहे. के-वर उमटलेल्या त्या मोजक्या प्लाकमधले फाज उचला आणि पुन्हा के-वर टाका: आता सगळे चालतात. इथवर उत्परिवर्तनाची कल्पना टिकते. पण त्यांनाच पुन्हा एकदा, फक्त एकदाच, सी-मधून फिरवून आणा, की पुन्हा दहा हजारांत दोनचार. उत्परिवर्तन असं वागत नाही. ते दुर्मीळ असतं आणि झालं की टिकतं. इथे अख्खी फौज एका फेरीत बदलते आणि एका फेरीत परत मूळपदावर येते. म्हणजे फाज शेवटी कुणाच्या घरी वाढला याची काहीतरी खूण तो अंगावर बाळगतो. ही खूण त्याच्या वंशात नाही, त्याच्या पत्त्यात आहे. ती खूण नेमकी कशावर असते, हा प्रश्न पुढची जवळजवळ दहा वर्षं तसाच पडून होता.

त्याचं उत्तर जिनिव्हात मिळालं. वेर्नर आर्बर १९६० साली अमेरिकेतून जिनिव्हाला परतले ते किरणोत्साराचा सूक्ष्मजीवांवर काय परिणाम होतो ते पाहण्यासाठी मिळालेल्या निधीवर. लॅम्डाचा हा घरबदलाचा प्रकार त्यांच्या वाटेत आडवा आला आणि त्यांनी तो धरून ठेवला. त्यांच्याबरोबर डेझी दुस्सुआ ही पीएच.डी.ची विद्यार्थिनी होती. या दोघांनी १९६२ साली दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले.

एका निबंधात त्यांनी खूण शोधली. खुणेचा फाज (म्हणजे के-मध्ये वाढलेला) बिनखुणेच्या घरी, सी-मध्ये, एकच फेरी वाढवला. जनक फाजचा डीएनए ओळखू यावा म्हणून तो जड अणूंनी भारलेला होता. एका जिवाणूतून शंभरेक पिल्लं बाहेर पडली. त्यातली जवळपास सगळी के-वर अडली, पण एखाददुसरं चाललं. चाललेली पिल्लं तपासली तेव्हा दिसलं, की ज्यांच्या वाट्याला जनकाच्या डीएनएचा मूळ धागा आला होता, तीच ही. दुहेरी धाग्यातला एक जुना आणि एक नवा असला तरी पुरत होतं. म्हणजे खूण फाजच्या प्रथिनांच्या कवचावर नव्हती, शेपटावर नव्हती. ती प्रत्यक्ष डीएनएच्या धाग्यावर होती.

दुसऱ्या निबंधात पहिलं नाव दुस्सुआचं आहे. तिथे किरणोत्सारी फॉस्फरसने माखलेला डीएनए घेऊन येणारे फाज परक्या जिवाणूवर सोडले आणि त्या डीएनएचं काय होतं ते पाहिलं. खूण नसलेला डीएनए आत शिरल्यावर काही मिनिटांतच त्याचा चुरा होऊ लागत होता. निर्बंध म्हणजे नुसता मज्जाव नव्हता. आत येऊ देऊन तुकडे करणं होतं.

१९६५पर्यंत आर्बरना खुणेच्या रसायनाचाही अंदाज आला होता. मेथिओनीन हे अमिनो आम्ल न मिळालेल्या जिवाणूंत वाढलेल्या फाजवर खूण उमटत नव्हती, आणि पेशीत मेथिल गट पुरवण्याचं काम मेथिओनीनकडून होतं. मेथिल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, इतका छोटा शिक्का. तो डीएनएच्या ठरावीक अक्षरसमूहातल्या एका अक्षरावर बसतो. एक एन्झाइम तो समूह शोधून शिक्का मारतं, दुसरं तोच समूह शोधतं आणि शिक्का नसेल तर कापतं. दोघं एकच पत्ता वाचतात. शिक्का मारणं म्हणजे मॉडिफिकेशन, कापणं म्हणजे रिस्ट्रिक्शन. म्हणून पूर्ण नाव रिस्ट्रिक्शन-मॉडिफिकेशन.

आता एक अडचण उरते. जिवाणू स्वतः दुप्पट होतो तेव्हा त्याच्या डीएनएचा नवा धागा कोरा असतो. मग त्याची स्वतःची कात्री त्यालाच का कापत नाही? उत्तर आर्बर आणि दुस्सुआ यांच्या एखाददुसऱ्या पिल्लात आधीच होतं. जुना धागा शिक्क्याचा आणि नवा कोरा असला तरी कात्री हात लावत नाही. तेवढ्या वेळात शिक्का मारणारं एन्झाइम नव्या धाग्यावरचं काम उरकून टाकतं. बाहेरून आलेल्या डीएनएचे मात्र दोन्ही धागे कोरे असतात. कात्री ओळखते ती एवढंच.

या रचनेचा दुबळेपणाही इथेच आहे. फाजचा कोरा डीएनए आत आला की कात्री आणि शिक्का दोघंही त्याच्याकडे धावतात. बहुतेक वेळा कात्री जिंकते. दहा हजारांत दोनचार वेळा शिक्का आधी पोचतो, आणि एकदा तो बसला की खेळ संपला: त्या जिवाणूतून बाहेर पडणाऱ्या सगळ्या पिल्लांवर यजमानाचाच शिक्का असतो आणि शेजारच्या हरेक घरी त्यांना मुक्तद्वार मिळतं. त्यामुळे ही तटबंदी पहिल्या हल्ल्यापुरती. फाज थोडे असतील तर ती वस्ती वाचवते. लाखोंनी आले तर त्यातले काही शिक्का घेऊन निसटणारच. फाजही गप्प बसलेले नाहीत. टी-७ फाज आत शिरताना सगळ्यांत आधी एक असं प्रथिन तयार करवून घेतो, की ज्याचा आकार आणि विद्युतभार डीएनएसारखाच असतो. के वाणासारख्यांची कात्री त्या तोतयाला मिठी मारून बसते, आणि खरा डीएनए निर्धास्त राहतो.

१९६८ साली हार्वर्डमध्ये मॅथ्यू मेसेलसन आणि रॉबर्ट युआन यांनी के वाणातलं कापणारं एन्झाइम शुद्ध करून दाखवलं. शोध मोठा होता, पण कात्री म्हणून ते जवळजवळ निरुपयोगी निघालं. ते आपला पत्ता बिनचूक ओळखतं, मग एटीपी जाळत डीएनए स्वतःकडे ओढत राहतं, आणि हजारो अक्षरं दूर, कुठेतरी भलतीकडेच कापतं. फाजला मारायला एवढं पुरतं. मेलेला फाज कुठे कापला गेला याच्याशी जिवाणूला काय करायचंय? पण माणसाला दर वेळी त्याच जागी कापलेले तुकडे हवे असतील तर हे कामाचं नाही.

त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हॅमिल्टन स्मिथ आणि त्यांचा विद्यार्थी केंट विलकॉक्स वेगळ्याच कामात होते. हीमोफिलस इन्फ्लुएन्झी हा जिवाणू बाहेरचा डीएनए आत कसा घेतो, ते त्यांना पाहायचं होतं. त्यांनी त्याला पी-२२ या फाजचा किरणोत्सारी डीएनए दिला, आणि तो पेशीतून परत मिळेना. मेसेलसन-युआन यांचा निबंध दोघांनी नुकताच वाचला होता. इथेही तसंच काही नाही ना, असा विचार विलकॉक्सच्या मनात आला. तपासायला त्यांनी श्यानतामापक घेतला: काचेची बारीक नळी, जिच्यातून द्रव वाहायला किती वेळ लागतो ते मोजायचं. लांबलचक डीएनएचं द्रावण पाकासारखं चिकट असतं. तुकडे झाले की पातळ होतं. जिवाणू फोडून काढलेला अर्क पी-२२च्या डीएनएत मिसळला तर चिकटपणा भराभर उतरला. त्याच अर्कात हीमोफिलसचा स्वतःचा डीएनए टाकला तर काहीच झालं नाही. परक्याला कापतं, घरच्याला सोडतं: एका नळीत हवा तो पुरावा.

हे एन्झाइम भटकत नव्हतं. त्याला एटीपी लागत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे ते पत्त्यावरच कापत होतं. १९७० साली स्मिथ आणि टॉमस केली यांनी तो सहा अक्षरांचा पत्ता वाचून दाखवला. तो आपल्या 'चिमा काय कामाची'सारखा विलोम निघाला, फक्त जरा वेगळ्या रीतीनं. आपण ते वाक्य उलटीकडून वाचतो. डीएनएत उलटीकडून वाचायचं ते समोरच्या धाग्यावर. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या इको-आर-वन या एन्झाइमचा पत्ता पाहिला की हे लगेच कळतं:

```
5'-G AATTC-3'
3'-CTTAA G-5'
```

वरची ओळ डावीकडून वाचा, खालची उजवीकडून, दोन्हीकडे GAATTC. एन्झाइम दोन सारख्या अर्ध्यांचं बनलेलं असतं, आणि प्रत्येक अर्ध एका धाग्यावर तेच वाचून तिथेच कापतं. मोकळी जागा दाखवली आहे तिथे काप बसतो. तो तिरका असल्यामुळे दोन्ही टोकांना AATT ही चार अक्षरं लोंबकळत राहतात, आणि इको-आर-वननं कापलेला कुठलाही तुकडा दुसऱ्या कुठल्याही तशाच तुकड्याला चिकटू शकतो. ही टोकं चिकटतात हे १९७२ साली दाखवून दिलं ते स्टॅनफर्डमधली विद्यार्थिनी जॅनेट मर्ट्झ आणि रोनाल्ड डेव्हिस यांनी.

इको-आर-वन आलं सॅन फ्रान्सिस्कोमधल्या हर्बर्ट बॉयर यांच्या प्रयोगशाळेतून, रॉबर्ट योशिमोरी या विद्यार्थ्याच्या कामातून, रुग्णाच्या शरीरातून मिळालेल्या ई. कोलायपासून. आणि त्याआधी त्याच बॉयर यांच्याबरोबर रिस्ट्रिक्शनच्या जनुकांवर काम करून १९६९ साली निबंध लिहिणारी संशोधक होती डेझी रुलाँ-दुस्सुआ. जिनिव्हातलीच दुस्सुआ. डीएनएचा चुरा होताना जिनं पहिल्यांदा पाहिला, ती जनुकं जोडण्याचं तंत्र जिथे जन्मलं तिथेही हजर होती.

हॉपकिन्समध्येच डॅनियल नेथन्स आणि त्यांची विद्यार्थिनी कॅथलीन डॅना यांनी १९७१ साली स्मिथ यांचं एन्झाइम माकडांच्या एसव्ही-४० या विषाणूच्या डीएनएवर चालवलं. जेलमध्ये अकरा पट्टे दिसले, पुन्हा केलं तरी तेच अकरा. पहिल्यांदाच एखाद्या डीएनएचे ठरावीक, ओळखता येणारे तुकडे माणसाच्या हाती आले आणि त्यांचा नकाशा काढता येऊ लागला. गंमत अशी, की त्या नळीत दोन एन्झाइमं होती. हीमोफिलसच्या त्याच वाणात दुसरीही एक कात्री असते, ती पुढे वेगळी झाली. आज त्यांना हिंड-टू आणि हिंड-थ्री म्हणतात. १९७८चं नोबेल आर्बर, स्मिथ आणि नेथन्स यांना मिळालं. तिघंही त्याला पात्रच होते. पण वरच्या प्रत्येक वळणावर बशीसमोर किंवा जेलसमोर उभं असलेलं दुसरं नावही वाचकांनी लक्षात ठेवावं, एवढीच माझी विनंती आहे.

सहा अक्षरांचा पत्ता योगायोगानं सरासरी ४०९६ अक्षरांत एकदा यावा, कारण चार अक्षरं सहा जागी इतक्या तऱ्हांनी बसतात. त्या हिशोबानं लॅम्डाच्या ४८,५०२ अक्षरांत इको-आर-वनचे बाराएक पत्ते हवेत. प्रत्यक्षात आहेत पाच. टी-७च्या सुमारे चाळीस हजार अक्षरांत दहाएक हवेत, आहे शून्य. कात्र्यांच्या जगात पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या फाजनी असे पत्ते झिजवून टाकले, असा याचा अर्थ लावला जातो. आपण ज्या नळीला 'अभिकर्मक' म्हणतो, तिच्यामागचं जुनं वैर या आकड्यांत दिसतं.

प्रयोगशाळेत आज या एन्झाइमच्या नळ्या उणे वीस अंशांवर ग्लिसरॉलमध्ये ठेवलेल्या असतात, आणि शिक्क्याचा विषय सहसा निघत नाही. तो निघतो अडल्यावर. हा प्रसंग मी वेगवेगळ्या टेबलांवर इतक्यांदा पाहिला आहे, की आता लांबूनच ओळखू येतो. कुणीतरी नेहमीच्या ई. कोलायमध्ये प्लाझ्मिड वाढवतं आणि ते बीसीएल-वन या एन्झाइमनं कापायला बसतं. पत्ता TGATCA. क्रम पाहिला तर पत्ता जागच्या जागी आहे. तापमान बरोबर, पन्नास अंश. जेलमध्ये मात्र काहीच कापलेलं नाही. मग एन्झाइम जुनं झालं असेल म्हणून नवी नळी येते, वेळ दुप्पट होते, तरी तेच.

एन्झाइम निर्दोष असतं. पत्त्याच्या पोटात GATC आहे, आणि बहुतेक ई. कोलायमध्ये डॅम नावाचं एन्झाइम प्रत्येक GATCमधल्या A वर मेथिलचा शिक्का मारतं. प्रत नुकतीच निघाली आहे का, याची खूण म्हणून जिवाणू तो स्वतःच्या कामासाठी वापरतो. बीसीएल-वनला एवढंच दिसतं, की इथे शिक्का आहे, म्हणजे हात लावायचा नाही. बॅम-एच-वनच्या GGATCC या पत्त्यातही तोच GATC आहे, पण त्याला या शिक्क्याचं सोयरसुतक नाही. ते कापून मोकळं होतं.

अंदाज खरा आहे का, हे तीन एन्झाइमांनी कळतं. तिघांचा पत्ता एकच, GATC. एमबीओ-वन शिक्का असेल तर कापत नाही. डीपीएन-वन शिक्का असेल तरच कापतं. साऊ-थ्री-ए-वन शिक्का पाहतच नाही, दोन्हीकडे कापतं. प्लाझ्मिड तीन नळ्यांत वाटायचं. पहिल्या नळीत अखंड, दुसऱ्या-तिसऱ्यात तुकडे दिसले, की निदान झालं. हा उपाय मला फार आवडतो, कारण त्यासाठी काहीही नवं विकत घ्यावं लागत नाही. डॅम नसलेल्या ई. कोलायमध्ये तेच प्लाझ्मिड रात्रभर वाढवायचं. अक्षर एकही बदलत नाही, आणि सकाळी बीसीएल-वन ते मुकाट्यानं कापतं. एकदा दुसऱ्या घरी राहून आलं की वागणूक बदलते: बेर्तानी आणि वाइगल यांनी सत्तर वर्षांपूर्वी मोजलं ते हेच.

राहता राहिला लुरियांचा टी-२. त्याचं गूढ उलगडलं तेव्हा कळलं, की त्याची गत लॅम्डासारखी नव्हतीच. टी-२ आपल्या डीएनएतल्या नेहमीच्या C ऐवजी एक बदललेलं अक्षर वापरतो आणि त्यावर साखरेचा लेप चढवतो. ही त्याची स्वतःची ढाल. लुरियांचा उत्परिवर्तित जिवाणू त्या लेपाला लागणारा साखरेचा कच्चा माल बनवू शकत नव्हता, म्हणून त्यातून बाहेर पडणारे फाज उघडे पडत, आणि नेहमीच्या ई. कोलायमधलं एक वेगळंच एन्झाइम नेमक्या त्या उघड्या अक्षरावर तुटून पडे. शिगेलामध्ये ते एन्झाइम नव्हतं, आणि साखर मात्र होती. ज्या प्रयोगापासून या क्षेत्राचा इतिहास मोजतात, त्यात यजमानाचा शिक्का पुसला गेला नव्हता. पाहुण्याचं चिलखत उतरलं होतं. निर्बंध मात्र खरा होता, आणि मोजलेले प्लाकही.